शेवटच्या तिकिटाचा भाव कोण ठरवतं?

६ डिसेंबर २०२५ रोजी केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने देशांतर्गत विमानभाड्यांना कमाल मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला ७,५०० रुपये, हजार किलोमीटरपर्यंत १२,०००, दीड हजारापर्यंत १५,००० आणि त्यापुढच्या अंतराला १८,००० रुपये. कर आणि विमानतळाचे आकार त्याव्यतिरिक्त. त्याआधीच्या काही दिवसांत इंडिगोची शेकडो उड्डाणं रोज रद्द होत होती. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते आणि त्यांना पुरतील इतक्या वैमानिकांचं नियोजन कंपनीने केलेलं नव्हतं. देशांतर्गत प्रवास करणाऱ्या दर दहा जणांपैकी सहाहून अधिक जण ज्या कंपनीच्या विमानांनी जातात, तिचीच विमानं जमिनीवर राहिल्यावर अडकलेली माणसं इतर कंपन्यांच्या तिकिटांकडे धावली. त्या तिकिटांचे भाव काही तासांत कित्येक पटींनी चढले आणि अखेर सरकारला मध्ये पडावं लागलं.

त्या दिवसांत प्रवाशांच्या तोंडी एकच शब्द होता, लूट. विमान कंपन्यांच्या बाजूने सांगण्यात येणारं उत्तर नेहमीचंच होतं: भाडं कोणी मुद्दाम वाढवत नाही, ते मागणीप्रमाणे आपोआप ठरतं. या दोन्ही म्हणण्यांत थोडं थोडं तथ्य आहे. पण त्यातलं नेमकं किती खरं आणि किती सोयीचं, हे समजून घ्यायचं तर विमानाचं भाडं प्रत्यक्षात कसं ठरतं ते एकदा नीट पाहायला हवं. ते गणित फार अवघड नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका माणसाने मांडलेल्या एका साध्या तुलनेवर ते आजही उभं आहे.

एका जागेचा प्रश्न

१९७०च्या सुमारास ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीने एक सवलत सुरू केली. उड्डाणाच्या किमान तीन आठवडे आधी तिकीट काढणाऱ्याला ते स्वस्तात मिळू लागलं. रिकाम्या जाणाऱ्या खुर्च्या भरल्या, पण त्यातून नवी अडचण उभी राहिली. स्वस्तवाले आधी येणार आणि पूर्ण भाडं देणारे उशिरा. सगळ्या जागा आधीच स्वस्तात विकल्या, तर शेवटच्या आठवड्यात जास्त पैसे मोजायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवावं लागणार. जागा राखून ठेवल्या आणि ते गिऱ्हाईक आलंच नाही, तर खुर्ची रिकामी उडणार. रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य, कारण विमानाचं दार बंद झाल्यावर ती पुन्हा कधीच विकता येत नाही.

कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी १९७२मध्ये या अडचणीवर नियम मांडला. समोर स्वस्त तिकीट मागणारा प्रवासी उभा आहे. त्याला जागा द्यायची की नंतर येणाऱ्या महाग गिऱ्हाइकासाठी राखायची? महाग भाड्याला ते गिऱ्हाईक येण्याच्या शक्यतेने गुणा. उत्तर स्वस्त भाड्यापेक्षा जास्त आलं तर जागा राखा, कमी आलं तर आत्ताच विका. नियम एवढाच.

एक कल्पित उदाहरण घेऊन हे पूर्ण सोडवून पाहू. पुण्याहून नागपूरला जाणारं १८० जागांचं विमान आहे. आधी तिकीट काढणाऱ्याला भाडं ४,००० रुपये आणि शेवटच्या आठवड्यात काढणाऱ्याला १०,०००. कंपनीकडे अशाच मागच्या शंभर उड्डाणांची नोंद आहे. त्यांतल्या ९० उड्डाणांना दहा हजार मोजणारे किमान २० प्रवासी आले. ७० उड्डाणांना किमान ३० आले, ४४ उड्डाणांना किमान ४०, आणि किमान ५० जण आले ते फक्त २२ उड्डाणांना.

आता एकेक जागा घेऊन हिशेब करू. महाग प्रवाशांसाठी राखायची विसावी जागा घ्या. ती विकली जाण्याची शक्यता ९० टक्के, म्हणजे तिचं अपेक्षित मोल ९,००० रुपये. हातात असलेल्या चार हजारांपेक्षा ते कितीतरी जास्त आहे, तेव्हा ती राखायची. चाळिसाव्या जागेचं मोल ४,४००. तीही राखायची. पन्नासाव्या जागेचं मोल मात्र २,२००च. ती राखण्यापेक्षा आज चार हजारांना विकलेली बरी. ही शक्यता ४० टक्क्यांवर येते तिथे पारडी समान होतात. आपल्या नोंदीत ते समजा बेचाळिसाव्या जागेपाशी होतं. म्हणून ४२ जागा राखीव आणि १३८ जागा स्वस्त.

याचा फायदा किती? सगळ्या जागा चार हजारांना विकल्या तर ७ लाख २० हजार रुपये मिळाले असते. आता १३८ स्वस्त जागांचे ५ लाख ५२ हजार, आणि ४२ राखीव जागांपैकी सरासरी ३४ विकल्या गेल्या तर त्यांचे ३ लाख ४० हजार. एकूण ८ लाख ९२ हजार. एका उड्डाणामागे पावणेदोन लाखांच्या आसपास फरक पडला, आणि विमान तेच, इंधन तेच, कर्मचारी तेच. या फरकासाठी कंपनीने सरासरी आठ खुर्च्या रिकाम्या जाण्याची जोखीम जाणूनबुजून पत्करली आहे.

या पद्धतीला यील्ड मॅनेजमेंट म्हणतात. प्रत्यक्षात भाडी दोन नसतात, दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त असतात. प्रत्येकाला इंग्रजी मुळाक्षराचं नाव दिलेलं असतं आणि प्रत्येक भाडेवर्गात किती जागा उघड्या ठेवायच्या, याचं गणित संगणक पुनःपुन्हा करत राहतो. एमआयटीचे पीटर बेलोबाबा यांनी १९८०च्या दशकात लिटलवूडचा नियम अनेक भाडेवर्गांना लागू करण्याची व्यवहार्य रीत दिली आणि ती जगभर वापरात आली. पर्यटनस्थळी मुक्काम करणाऱ्याला हॉटेलची खोली शनिवारी महाग आणि मंगळवारी स्वस्त मिळते, तिच्यामागेही हाच विचार आहे. न विकलेली रात्रही परत येत नाही.

भाडं वाढतं म्हणजे काय होतं?

या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. विमानाचं भाडं वाढतं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा कोणत्याही तिकिटाची किंमत बदललेली नसते. चार हजारांचा वर्ग संपलेला असतो आणि पुढचा वर्ग आपल्याला दिसू लागलेला असतो. राखीव जागांना गिऱ्हाईक येत नाही असं दिसलं, तर बंद केलेला स्वस्त वर्ग पुन्हा उघडतो आणि भाडं उतरतं. म्हणून काल सहा हजार दाखवणारं तिकीट आज पाच हजारांना मिळालं, असा अनुभवही येतो.

दिवाळीत काय होतं, तेही यावरून कळतं. समजा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, मागच्या नोंदींप्रमाणे, दहा हजार मोजणारे किमान १२० प्रवासी शंभरातल्या चाळीस उड्डाणांना येतात. नियम तोच, पण आता राखीव जागा ४२ नसून १२० होतील आणि चार हजारांच्या जागा उरतील फक्त ६०. विक्री उघडल्यावर त्या थोड्या दिवसांत संपतात. महिनाभर आधी तिकीट पाहणाऱ्यालाही मग दहा हजारच दिसतात, आणि आपण इतक्या लवकर पाहूनही भाडं इतकं कसं, असा प्रश्न त्याला पडतो.

याच रचनेमुळे कुटुंबांना एक फटका बसतो आणि तो सहसा लक्षात येत नाही. चौघांचं तिकीट एकत्र शोधलं आणि स्वस्त वर्गात दोनच जागा उरलेल्या असल्या, तर बऱ्याच आरक्षण यंत्रणा चौघांनाही पुढच्या महाग वर्गाचं भाडं लावतात, कारण एका आरक्षणातले सगळे प्रवासी एकाच वर्गात बसवले जातात. हे ओळखायला सोपं आहे. आधी एका प्रवाशासाठी भाडं पाहा, मग चौघांसाठी. माणशी भाडं वेगळं निघालं, तर दोन-दोनची वेगळी आरक्षणं करून पैसे वाचू शकतात. मात्र उड्डाण रद्द झालं किंवा वेळ बदलली, तर दोन्ही आरक्षणं एकत्रच हलतील याची खात्री नसते. वृद्ध आईवडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर हा धोका पत्करू नये.

स्वस्त तिकिटांचं शस्त्र

या गणिताची ताकद जगाला दिसली ती अमेरिकेत. १९७८मध्ये तिथल्या सरकारने विमानभाड्यांवरचं नियंत्रण उठवलं. त्यानंतर आलेल्या पीपल एक्स्प्रेस या कंपनीने कमी खर्चात विमानं चालवून जुन्या कंपन्यांच्या निम्म्याहूनही कमी भाडं लावलं. अमेरिकन एअरलाइन्सचा खर्च जास्त होता. सगळ्याच तिकिटांचा भाव तितका उतरवला असता तर ती बुडाली असती. तिचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी वेगळा मार्ग घेतला. जानेवारी १९८५मध्ये त्यांनी पीपल एक्स्प्रेसच्या तोडीचं भाडं जाहीर केलं, पण मोजक्याच जागांवर, आणि बऱ्याच आधी तिकीट काढणाऱ्यांसाठी. उशिरा येणारा व्यावसायिक प्रवासी जुनंच भाडं देत राहिला. कोणत्या उड्डाणावर किती जागा स्वस्त सोडायच्या, ते संगणक ठरवत होता. पीपल एक्स्प्रेसकडे असं गणित करणारी यंत्रणाच नव्हती. तिचे किमतीला जपणारे प्रवासी गेले, आणि दोन वर्षांच्या आत ती कंपनी विकली गेली.

ही हकीकत बहुधा क्रँडल यांच्या हुशारीची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. या पद्धतीने प्रवाशांचं नुकसानच झालं, असं म्हणता येत नाही. एकच भाडं ठेवायचं असतं तर आपल्या पुणे–नागपूर विमानात ते साडेचार-पाच हजार ठेवावं लागलं असतं. तेवढे पैसे देऊ न शकणारा विद्यार्थी विमानात चढलाच नसता आणि विमान अर्धं रिकामं गेलं असतं तर कदाचित ते उड्डाणच बंद झालं असतं. आधी ठरवू शकणाऱ्याला स्वस्त आणि आयत्या वेळी येणाऱ्याला महाग, या विभागणीमुळे दोघांनाही जागा मिळते. भाडं बदलतं म्हणून ते अन्यायाचंच, हा निष्कर्ष म्हणून टिकत नाही. अन्याय कुठे सुरू होतो, हे वेगळं शोधावं लागतं.

गणिताला न कळणारी गोष्ट

लिटलवूडच्या नियमात एक गृहीतक दडलेलं आहे. उशिरा येणारा प्रवासी जास्त पैसे देतो, कारण त्याला ते परवडतात. कंपनीच्या खर्चाने बैठकीला निघालेला अधिकारी डोळ्यांसमोर ठेवून हे गणित बेतलेलं आहे. पण उशिरा येणारे सगळे तसे नसतात. वडील अत्यवस्थ असल्याचा फोन रात्री आलेला असतो. परीक्षेची तारीख अचानक बदललेली असते. आधीचं उड्डाण रद्द झालेलं असतं. या माणसांनी वेळेवर तिकीट काढलं नाही असं म्हणणं क्रूरपणाचं आहे, कारण वेळेवर काढण्याची संधीच त्यांना नव्हती. संगणकाला मात्र अधिकारी आणि मुलगा यांच्यात फरक दिसत नाही. त्याला दोघेही शेवटच्या दिवशी आलेली मागणी म्हणून दिसतात.

डिसेंबर २०२५मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. एका कंपनीची विमानं थांबली. दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रणेला एवढंच कळलं की जागा झपाट्याने विकल्या जात आहेत. आपल्या उदाहरणात सांगायचं, तर शेवटच्या जागेलाही महाग गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता शंभर टक्क्यांजवळ पोचली. अशा वेळी नियम एकच उत्तर देतो: खालचे सगळे वर्ग बंद करा, फक्त सर्वांत वरचा उघडा ठेवा.

इथे ‘भाडं आपोआप ठरतं’ या युक्तिवादाचा दोष नजरेस येतो. कोणता वर्ग उघडायचा हे संगणक ठरवतो, पण सर्वांत वरच्या वर्गाचं भाडं किती असावं, हे माणसं ठरवतात. कोणीतरी कचेरीत बसून या मार्गाचा वरचा आकडा बारा हजार की चाळीस हजार, हे आधी लिहून ठेवलेलं असतं. साधारण दिवशी त्या आकड्याला तिकिटं क्वचित विकली जातात, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. संकटाच्या दिवशी तोच आकडा सगळ्यांचं भाडं होतो. त्याची जबाबदारी संगणकावर टाकता येत नाही.

लोकांची न्यायाची जाणीव याबाबत बरीच सुसंगत असते. डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६मध्ये कॅनडातल्या लोकांना विचारलेला एक प्रश्न अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे. एक दुकानदार बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला विकत होता. मोठ्या हिमवादळाच्या दुसऱ्या सकाळी त्याने भाव २० डॉलर केला. हे योग्य की अयोग्य? ८२ टक्के लोकांनी अयोग्य म्हटलं. त्याच अभ्यासात दुसरी बाजूही दिसली: विक्रेत्याचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून त्याने भाव वाढवला, तर बहुतेक लोक ते समजून घेतात. खर्च तोच असताना समोरच्याच्या नाइलाजावर कमाई करणं मात्र त्यांना पटत नाही.

टॅक्सी ॲपच्या बाबतीत हा धडा लवकर मिळाला. डिसेंबर २०१४मध्ये सिडनीच्या मध्यवस्तीत एका बंदूकधाऱ्याने कॅफेतल्या माणसांना ओलीस धरलं. परिसरातून बाहेर पडणाऱ्यांची मागणी वाढताच उबरच्या यंत्रणेने भाडं चढवलं, ते किमान शंभर ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत गेलं. जगभर संताप उसळल्यावर कंपनीने त्या भागातून बाहेर पडणाऱ्यांना मोफत सेवा दिली आणि घेतलेले पैसे परत केले. टॅक्सीच्या चढ्या भाड्याला एक खरं समर्थन आहे: भाडं वाढलं की घरी बसलेला चालक गाडी घेऊन बाहेर येतो आणि गाड्या वाढतात. विमानाच्या बाबतीत हे समर्थनही लंगडं पडतं. आज संध्याकाळच्या उड्डाणाचं भाडं तिप्पट केलं म्हणून आज संध्याकाळी जादा विमान उभं राहत नाही.

आपल्याकडचे नियम

भारतात १९९४मध्ये विमान वाहतूक खासगी कंपन्यांसाठी खुली झाल्यापासून भाडं ठरवण्याचा अधिकार कंपन्यांकडे आहे. त्या अधिकाराला नियमांची चौकट मात्र आहे. भाडं ठरवताना सेवेचा खर्च, तिचं स्वरूप, वाजवी नफा आणि प्रचलित दर विचारात घ्यावेत, असं नियम सांगतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, २०१०पासून निवडक मार्गांच्या भाड्यांवर लक्ष ठेवतं. प्रत्येक मार्गाच्या वेगवेगळ्या वर्गांची भाडी कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर जाहीर करायची असतात. तेवढ्याने प्रवाशाच्या हाती फारसं काही लागत नाही. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग आकडा त्याला दिसला, तरी त्या उड्डाणावर कोणत्या भावाला किती जागा विकल्या गेल्या, हे कुठेच कळत नाही. जाहीर केलेल्या कोष्टकाच्या आत भाडं आहे, एवढं दाखवलं की कंपनीचं काम भागतं.

मग कायमची कमाल मर्यादा घालावी का? करोनाच्या काळात, मे २०२० ते ऑगस्ट २०२२, आपल्याकडे किमान आणि कमाल अशा दोन्ही मर्यादा होत्या. किमान मर्यादेमुळे फार स्वस्त तिकिटं विकताच येत नव्हती. कमाल मर्यादाही फार खाली आणली तर तिचा परिणाम उलटू शकतो. वरच्या भाड्यातून मिळणारे पैसे आटले की कंपनी खालचं भाडं वाढवते आणि सामान्य दिवशी मिळणारं चार हजारांचं तिकीट पाच हजारांवर जातं. सणाच्या दिवसांत सगळ्या जागा लवकर संपतात आणि आयत्या वेळी निघालेल्या मुलाला कोणत्याच भावाला जागा मिळत नाही.

रेल्वेचा अनुभवही शिकण्यासारखा आहे. ९ सप्टेंबर २०१६पासून राजधानी, दुरांतो आणि शताब्दी गाड्यांना फ्लेक्सी भाडं लागू झालं. पहिल्या दहा टक्के जागा मूळ भाड्याला, त्यानंतर दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की भाडं दहा टक्क्यांनी वाढणार, आणि शेवटी दीडपटीवर थांबणार. नियम उघड होता, वरची मर्यादा स्पष्ट होती. या दोन गोष्टींत रेल्वे विमान कंपन्यांपेक्षा सरस ठरली. पण भाडं फक्त वर जात होतं, जागा रिकाम्या असल्या तरी खाली येत नव्हतं. महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की उत्पन्न वाढलं तरी या गाड्यांचे प्रवासी घटले. पुढे निम्म्याहून कमी भरणाऱ्या काही गाड्यांमधून ही पद्धत काढून घ्यावी लागली.

महाराष्ट्रात खासगी ट्रॅव्हल्सच्या बाबतीत मर्यादा आधीपासून आहे. राज्य सरकारच्या एप्रिल २०१८च्या निर्णयानुसार खासगी बसला एसटीच्या त्या प्रकारच्या सेवेच्या भाड्यापेक्षा कमाल ५० टक्के जास्त घेता येतं. तरीही गणपतीला कोकणात आणि दिवाळीला विदर्भ-मराठवाड्यात जाणारा प्रवासी दरवर्षी तीच तक्रार करतो. नियम कागदावर असून भागत नाही. तिकिटाच्या पडद्यावरच त्या मार्गाचं कमाल भाडं लिहिलेलं असेल, तर तपासणीचं काम प्रत्येक प्रवासी स्वतः करू शकतो.

खरी काळजी पुढची आहे

आतापर्यंत सांगितलेल्या गणितात एक मूलभूत समानता आहे. एकाच क्षणी, एकाच उड्डाणाचं, तेवढ्याच जागांचं भाडं पाहणाऱ्या दोघांना एकच आकडा दिसतो. श्रीमंताला वेगळा आणि गरिबाला वेगळा, असं नसतं. भाडं वेळेवर आणि उरलेल्या जागांवर ठरतं, माणसावर ठरत नाही. आता ही मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता आहे. तुमच्या हातातला फोन कोणता, तुम्ही कोणत्या भागात राहता, मागे किती भाडं बिनतक्रार दिलंत, एवढी माहिती ॲपकडे असते. तिच्यावरून तुमच्यासाठी वेगळा भाव काढणं तंत्रज्ञानाला अवघड नाही.

जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर यांना नोटिसा दिल्या. एकाच प्रवासाला आयफोनवर जास्त आणि अँड्रॉइड फोनवर कमी भाडं दिसतं, अशा तक्रारी होत्या. दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारला. मागणी वाढल्यावर चढणाऱ्या टॅक्सीभाड्याला केंद्राच्या २०२५च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मूळ भाड्याच्या दुपटीची मर्यादा घातली आहे. पण फोनवर किंवा माणसावर भाव ठरत असेल, तर दुपटीची मर्यादा त्याला रोखत नाही. दीडपट भाडं एकाला आणि मूळ भाडं दुसऱ्याला, हे दोन्ही त्या मर्यादेत बसतं.

संशय आला तर तपासणी घरीच करता येते. दोन फोन शेजारी ठेवा. एकाच मिनिटाला तोच प्रवास, तेवढेच प्रवासी आणि तीच सेवा निवडा. कर धरून एकूण आकड्याची तुलना करा आणि कूपन किंवा कार्डाची सवलत वेगळी काढा. दहा मिनिटांच्या अंतराने पाहिलेल्या दोन भाड्यांची तुलना करून काही सिद्ध होत नाही, कारण मधल्या वेळात एखादा वर्ग संपलेला असू शकतो. टॅक्सीच्या बाबतीत चालकाचं अंतरही बदललेलं असतं. एकाच क्षणी, सगळं सारखं असताना फरक वारंवार दिसला, तर दोन्ही पडद्यांची चित्रं काढून ठेवा.

या सगळ्याचा विचार करून माझं मत असं झालं आहे की बदलतं भाडं बंद करू नये, पण त्याला तीन अटी कायद्याने घालाव्यात. एक, कोणत्याही मार्गाचं कमाल भाडं किती, हे तिकीट काढण्याच्या पडद्यावरच दिसावं आणि ते मूळ सरासरी भाड्याच्या ठरावीक पटीपलीकडे जाऊ नये. ही पट सामान्य दिवसांच्या व्यवहाराला धक्का न लावण्याइतकी मोकळी हवी, पण नाइलाजाची कमाई रोखण्याइतकी घट्ट हवी. दोन, उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द होणं, पूर, दंगल, हल्ला अशा वेळी वरचे वर्ग आपोआप बंद व्हावेत. त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची चार-पाच दिवस वाट पाहायला लागू नये. संगणक एका मिनिटात भाडं चढवू शकतो, तर एका मिनिटात ते गोठवूही शकतो. तीन, एकाच क्षणी एकाच सेवेचा भाव माणूस पाहून बदलणं सरळ बेकायदा ठरवावं. पहिल्या दोन अटींच्या तपशिलावर वाद होऊ शकतो. तिसरीवर तडजोड होऊ नये.

या अटी येण्यासाठी तक्रारींची नोंद लागते, आणि आपण तिथेच कमी पडतो. भाडं पाहून चिडतो, समाजमाध्यमावर लिहितो आणि तिकीट काढून मोकळे होतो. विमानभाड्याची तक्रार ‘एअरसेवा’वर करता येते. कोणत्याही सेवेची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. तारीख, वेळ, मार्ग आणि पडद्याचं चित्र जोडलेली तक्रार संतापाच्या शंभर ओळींपेक्षा जास्त उपयोगी पडते. पुढच्या वेळी भाडं पटीत चढलेलं दिसलं, तर ती जरूर नोंदवा.